आज्जी हा संदर्भ होतो का?

माझ्या पुतण्याला, म्हणजे धाकट्या भावाच्या पोराला, नववीत इतिहासाचं प्रोजेक्ट होतं, विषय "माझ्या गावाचा इतिहास". आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, कोरडवाहू, गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव, त्याच्यावरच त्याने लिहिलं. शेवटच्या पानावर "संदर्भ" असं अधोरेखित करून खाली चार ओळी होत्या. पाठ्यपुस्तक, ग्रामपंचायतीचा बोर्ड, इंटरनेट आणि चौथी ओळ "माझी आज्जी". सरांनी चौथ्या ओळीवर लाल पेनने काट मारून बाजूला लिहिलं होतं, "आजी हा संदर्भ नव्हे, पुस्तकाचे नाव लिहा." २० पैकी ११.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा पोराने ही वही माझ्यापुढे टाकली, त्याला वाटलं काका पुण्यात राहतात, काहीतरी शिकलेले आहेत, सरांना फोन लावतील. मी फोन नाही लावला. आता ज्या आज्जीवर काट पडली ती माझी आई आहे त्यामुळे मी निःपक्ष वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो. पण वही दोनदा वाचल्यावर माझं मत असं झालं की सर चुकले आणि पोरगंही चुकलं, आणि दोघांची चूक मुळात एकच आहे.

सरांची चूक सोपी आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात सातवीलाच "इतिहासाची साधने" असा धडा येतो, त्यात भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन साधनं सांगितलेली असतात, मौखिक म्हणजे ओव्या, लोकगीतं, कहाण्या, जे कुणी लिहून ठेवलं नाही पण तोंडोतोंडी चालत आलं ते. परीक्षेत "मौखिक साधनांची उदाहरणे लिहा" आलं की पोरं ओव्या लिहितात आणि पूर्ण मार्क घेतात. मग एक पोरगं खरोखरच उठून मौखिक साधन घेऊन आलं तर त्याचे मार्क कापायचे? जात्यावरच्या ओव्यांचंच घ्या, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक बाया सही करत नव्हत्या, अंगठा लावत होत्या. ते संशोधन म्हणून मान्य. मग आमच्या घरातली तशीच एक बाई पोराच्या वहीत का नाही चालत?

याचं एक कारण मला वाटतं मराठी माणसाला कागदाचं फार. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत, १८९८ मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड आला आणि तेव्हापासून "अस्सल कागद दाखवा" हे आपल्याकडे इतिहासातलं शेवटचं वाक्य झालं. ते त्या वेळी गरजेचं होतं, बखरींमध्ये काय वाट्टेल ते लिहिलेलं असायचं आणि त्याला लगाम हवाच होता. पण राजवाड्यांच्या कागदात सरदार, कारकून, सावकार, वतनदार सापडतात. पाटीने माती वाहणारी बाई कुठल्या दप्तरात सापडणार? तिने पत्र लिहिलं नाही, तिला कुणी लिहिलं नाही. कागद नाही म्हणून ती खोटी असं ठरवायचं असेल तर सरळ म्हणा की आम्हाला तिचा इतिहास नको.

आता पोराची चूक. त्याने प्रोजेक्टात लिहिलं होतं, "आमच्या गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात बांधला गेला. तेव्हा लोकांचे खूप हाल झाले. माझी आज्जी तिथे काम करत होती." बस. तीन वाक्यं आणि आज्जी संदर्भात. म्हणजे आज्जीकडून त्याने नेमकं काय घेतलं? जे पुस्तकातही मिळालं असतं तेच. आज्जीला त्याने साक्षीदार म्हणून उभं केलं पण तिला काही विचारलंच नाही, नुसता तिचा फोटो लावला. सर तिला संदर्भ मानायला तयार नाहीत आणि पोरगं तिला संदर्भासारखं वागवायला तयार नाही, आणि दोन्हीचा परिणाम तोच, म्हातारी गप्प.

माझं म्हणणं एवढंच आहे की आज्जी हा संदर्भ आहे, आणि संदर्भ आहे म्हणूनच तिला उलटतपासणीला उभं करायला पाहिजे, जशी आपण कागदाला करतो. तिच्यावर माया आहे म्हणून ती म्हणेल ते खरं असं नाही.

मग त्या दिवाळीत आम्ही दोघांनी ते करून बघितलं. सुट्टी होती, काम नव्हतं.

पहिल्या दिवशी पोराने मोबाईल आज्जीपुढे धरून विचारलं, "आज्जी, बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांग." माय म्हणाली, "लई वाईट दिस व्हते लेकरा. बहात्तरला पाणी व्हतं पर अन्न नव्हतं, आता अन्न हाय पर पाणी न्हाई." पोरगं खूश, किती भारी वाक्य. मी म्हटलं हे खोड. हे वाक्य २०१३ च्या दुष्काळात मी टीव्हीवर ऐकलंय, पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकलंय, चारा छावणीत ऐकलंय. चूक नाहीये ते, पण ते मायचं नाही, सगळ्यांचं आहे. म्हातारी माणसं पण बातम्या बघतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांत स्वतःची आठवण आणि ऐकलेली गोष्ट एकमेकात मुरते, लोणच्यासारखी. ओळखायचं कसं? माझा अनुभव असा की आठवण जिथे घोटीव वाक्यात येते तिथे ती उसनी असते आणि जिथे बोलणारं माणूस अडखळतं, "न्हाई थांब, ते आधी व्हतं," असं म्हणून मागे जातं तिथे काहीतरी त्याचं स्वतःचं असतं.

दुसऱ्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवला (चालू होता, तिला विचारून चालू केला होता) आणि ती शेंगा फोडत होती तर पोरगंही फोडायला बसलं. या वेळी प्रश्न बदलला. "आज्जी, कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचीस?" आणि मग जे सुरू झालं ते ४१ मिनिटं.

मिलोची भाकरी न्यायची. मिलो म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी, रेशनवर मिळायची, पिठाला चिकटपणा नव्हता म्हणून भाकरी थापताना कडेने चिरायची, ती तव्यावर टाकताना दोन्ही हात लागायचे. दुपारपर्यंत ती लाकूड व्हायची. कामावर सुकडी मिळायची, गूळ घातलेली, तिचा वास लांबूनच यायचा, आणि बाया आपल्या वाट्याची निम्मी पदरात बांधून घरी आणायच्या म्हाताऱ्या माणसांना. सुकडी कुणाला द्यायची आणि किती यावरून भांडणं व्हायची, एका बाईने मुकादमाच्या अंगावर टोपलं फेकलं होतं. कोण ती, हे मायने सांगितलं आणि मग म्हणाली, "पर नाव लिहू नको, तिचा नातू हितंच हाय."

मग माती. ती म्हणाली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि फूटभर खोल एवढा खड्डा झाला की साहेब माप घ्यायला यायचा, आणि मध्ये मातीचा एक खांब तसाच सोडायचा, त्याला हात लावायचा नाही, कारण त्याच्यावरूनच खोली मोजायची. कुणी रात्री खांबाच्या डोक्यावर अजून माती थापून तो उंच करायचे म्हणजे खोली जास्त दिसेल, आणि साहेब पण खमका, तो वरचं गवत बघायचा, गवताची मुळं तुटलेली दिसली की ओळखायचा. हे मी जन्मभर त्या घरात राहून कधी ऐकलं नव्हतं.

इथे पोराने एक हुशारी केली, ती त्याचीच, मी सुचवली नव्हती. त्याने दहा गुणिले दहा गुणिले एक केलं, १०० घनफूट. आणि १०० घनफूट म्हणजे १ ब्रास, बांधकामवाले आजही वाळू-खडी-माती ब्रासनेच मोजतात. मायला ब्रास हा शब्द विचारला तर माहीत नव्हता. म्हणजे एका न शिकलेल्या बाईला पन्नास वर्षांनी जे माप आठवतंय ते सरकारी मापाशी बरोब्बर जुळतं, आणि तिला ते जुळतं हे माहीतच नाही, त्यामुळे तिने ते जुळवून सांगितलं असंही म्हणता येत नाही. याला साक्ष म्हणतात. पुढे त्याने हिशोब केला की एक ब्रास माती म्हणजे अंदाजे साडेचार टन, पाटीत १५ किलो धरली तर ३०० पाट्या. तीनशे वेळा खड्ड्यातून वर. "हाल झाले" या दोन शब्दांच्या जागी त्याने वहीत हे लिहिलं.

आता ती कुठे चुकली ते पण सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख नुसतं आईचं कौतुक होईल.

ती म्हणाली गाजरगवत मिलोच्या पोत्यातून आलं, दुष्काळाच्या आधी गावात ते नव्हतंच. हे आमच्याकडे सगळेच म्हणतात, काँग्रेस गवत हे नावही त्याच रागातून पडलेलं असणार. पण हे गवत पुण्यात १९५० च्या दशकातच दिसलं होतं, तशी वनस्पतिशास्त्रवाल्यांची नोंद आहे, आणि तेव्हापासूनच ते परदेशी धान्याबरोबर आलं असं बोललं जातं. म्हणजे बहात्तरच्या मिलोवर सगळा आळ घालता येत नाही. पण मग तिचं वाक्य फेकून द्यायचं का? ती भारतात गवत कधी आलं हे सांगत नाहीये, आमच्या शिवारात तिने ते पहिल्यांदा कधी बघितलं हे सांगतेय, आणि पुण्यातून आमच्या बांधावर यायला त्याला पंधरा-सोळा वर्षं लागली असतील तर ती अगदी बरोबर आहे. "कधी दिसलं" ही तिची साक्ष आणि "कशातून आलं" हा तिचा अंदाज. दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि ते सुटं करणं हे लिहिणाऱ्याचं काम, सांगणारीचं नव्हे. पोराने दोन ओळी करून लिहिल्या, एक आज्जीने पाहिलेलं आणि एक आज्जीला वाटलेलं.

आणि चुकीची आठवण म्हणजे टाकाऊ आठवण असंही नसतं. इटलीत अलेसांद्रो पोर्तेल्ली नावाचा अभ्यासक आहे, त्याने तेर्नी नावाच्या पोलादाच्या कारखान्याच्या गावात कामगारांच्या मुलाखती घेतल्या. तिथे लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण पुष्कळ लोक सांगत होते की तो १९५३ मध्ये मेला, म्हणजे ज्या वर्षी कारखान्यातून एका झटक्यात दोन हजारांवर माणसं काढली आणि रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या त्या वर्षी. तारीख सपशेल चूक. पण पोर्तेल्लीने विचारलं, सगळे एकाच दिशेने का चुकतायत? तर गावाला आपल्या पोराचं मरण आपल्या पोटाच्या लढाईत हवं होतं, कुठल्या परदेशी करारासाठी नको होतं. कागदाने तारीख दिली आणि चुकीच्या आठवणीने त्या गावाला काय सलत होतं ते सांगितलं. आमच्या गाजरगवताचंही तसंच असेल, परक्याचं धान्य खावं लागलं याचा राग त्या गवतावर निघाला.

आता मूळ प्रश्न, तलाव कधीचा? कारण ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलंय १९७६. सरांनी बहुतेक तेच बघून आज्जीवर काट मारली, बोर्ड सांगतो शहात्तर आणि म्हातारी म्हणते बहात्तर.

माय बहात्तरच म्हणते आणि तिच्याकडे साल मोजायची स्वतःची पद्धत आहे. तिला इसवी सन पाठ नाही, बहात्तर हे दुष्काळाचं नाव म्हणून पाठ आहे. ती म्हणते, "तवा तुझा थोरला चुलता रांगत व्हता, लिंबाला झोळी बांधून त्यात टाकायचे आन् मातीला जायचे. काम दिवाळीच्या पुढं सुरू झालं." बरं. थोरला चुलता म्हणजे माझे दादा, त्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७१. मग दिवाळी बहात्तरला ते जवळजवळ दीड वर्षाचे, दीड वर्षाचं पोरगं रांगत नाही, पळतं, झोळीत राहील होय! म्हणजे कागदानुसार माय परत खोटी.

पण १ जून म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातला माणूस हसेल. आमच्या पिढीतलं आणि त्याआधीचं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा पेरणीच्या टायमाला असेल, मग गुरुजी पोराकडे एकदा बघून आत्ता सहा वर्षं पूर्ण होतील अशी तारीख मागे मोजून टाकायचे, जूनमध्ये शाळा सुरू म्हणून १ जून. दादांचं नाव घातलं ७७ च्या जूनमध्ये, त्यातून सहा वजा केले, १ जून ७१. मायला विचारलं तर ती म्हणते ते शिमग्याच्या पुढं झाले, होळीची राख अजून दारात होती. म्हणजे ७२ चा मार्च. मार्चमध्ये जन्मलेलं पोरगं दिवाळीला आठ महिन्यांचं, आठ महिन्यांचं पोरगं रांगतं. झोळी बरोबर, शिमगा बरोबर, दिवाळी बरोबर. खोटा पडला तो शाळेचा दाखला, ज्याच्यावर गोल शिक्का आहे.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण म्हणतो आठवण कच्ची आणि कागद पक्का, पण तो कागदही कुणीतरी आठवून, अंदाजाने, स्वतःच्या सोयीने लिहिलेला असतो, फक्त त्याच्याखाली सही असते. दरवर्षी ३१ मेला राज्यात सरकारी माणसं ढिगाने रिटायर होतात, कारण १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. गुरुजींनी काढलेली ती वजाबाकी सरकारच्या खजिन्यापर्यंत पोचलीय आणि त्याला संदर्भ म्हणून कुणी लाल रेघ मारत नाही.

बरं मग बोर्डावरचं १९७६? तेही खोटं नाही. दुष्काळी कामं अशी घाईने काढलेली होती, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, लोकांना मजुरी मिळणं हे पहिलं आणि काम पूर्ण होणं नंतरचं. पाऊस आला की लोक आपापल्या पेरणीला पळाले आणि पुष्कळ बांध अर्धेच राहिले. मायला आठवतं की पहिल्या पावसात आमच्या तलावाचा एक कोपरा वाहून गेला, आणि मग "मागून रोजगार हमीवाल्यांनी दगड लावला." तिच्या सासऱ्यांची एक एकर तलावात गेली होती म्हणून आम्ही तलाठ्याकडे फेरफारची नोंद काढून बघितली तर जमीन सरकारच्या नावावर चढल्याची नोंद १९८१ ची. म्हणजे एका तलावाची तीन सालं. ७२ ला माती पडली, ७६ ला काम पूर्ण म्हणून दाखवलं, ८१ ला जमीन कागदावर गेली, आणि मधली नऊ वर्षं आमचे आजोबा पाण्याखालच्या जमिनीचा सारा भरत होते (हे मायचं म्हणणं, पावत्या मिळाल्या नाहीत, म्हणून कंसात). बोर्ड एकटा वाचला असता तर ७६ मिळालं असतं आणि गोष्ट संपली असती. आज्जी एकटी ऐकली असती तर ७२. दोघांना समोरासमोर बसवलं म्हणून मधली वर्षं दिसली. आणि रोजगार हमी म्हणजे काय, तर याच दुष्काळी कामांतून पुढे आलेली योजना, वि. स. पागे यांनी मांडलेली, तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पुस्तकात ती एक ओळ असते. ज्या बायांच्या पाट्यांवर ती ओळ उभी आहे त्या पुस्तकात नसतात.

एक गोष्ट राहिली आणि ती मला स्वतःला जरा टोचलेली आहे. पोरगं एवढं झाल्यावर म्हणालं काका झालं, आता लिहितो. मी पण म्हणणार होतो लिही. पण त्याच्या वर्गातली एक मुलगी खालच्या वस्तीतली, तिची आज्जी पण त्याच कामावर होती असं मायच बोलली होती. तर त्याने तिला सांगितलं आणि त्या पोरीने तिच्या आज्जीला विचारलं. तिच्या आज्जीला मिलो आठवते, तोच खड्डा आणि मधला तोच खांब. पण सुकडीबद्दल ती म्हणाली की ती आम्हाला वरून टाकायचे, हातात, वाटी ठेवली तरी पळी वाटीला लावायचे नाहीत. आणि पाण्याचे रांजण दोन होते.

मायला विचारलं, रांजण दोन होते का? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आसतील. माझं ध्यान नव्हतं."

ध्यान नव्हतं हे मला खरं वाटतं. जिला दोन रांजणांनी काही फरक पडत नव्हता तिला ते आठवायचं कारण नाही, जिला पडत होता तिला पन्नास वर्षांनी पण आठवतंय. ४१ मिनिटांत मायने सुकडीचा वास सांगितला, टोपलं फेकणारी बाई सांगितली, साहेबाचं गवत बघणं सांगितलं, पण हे नाही. खोटं काही बोलली नाही ती, तिच्या बाजूचा रांजण भरलेला होता इतकंच. म्हणून कुणी आजीच्या आठवणी लिहून "आमच्या गावाचा इतिहास" असं वर नाव देतं तेव्हा मला हल्ली शंका येते, एका आजीला विचारून होतो तो एका वाड्याचा इतिहास. शाळांनी मार्क कापायचेच असतील तर यावर कापावेत, की बाबा, तू एकाच आळीतल्या आजीला विचारलंस. त्याला मी विरोध करणार नाही.

पोराने संदर्भाचं पान नव्याने लिहिलं. "माझी आज्जी" अशी नुसती ओळ न लिहिता तिचं पूर्ण नाव, वय अंदाजे ७२, माहेरचं गाव, लग्न होऊन या गावात आल्याचं साल (तिच्या सांगण्यावरून), मुलाखतीची तारीख, जागा घरचा ओटा, शेंगा फोडताना, रेकॉर्डिंग ४१ मिनिटं, हजर कोण तर मी आणि काका. हजर कोण हे मी मुद्दाम लिहायला लावलं, कारण मधेच आमचे एक चुलते येऊन बसले होते त्या सहा-सात मिनिटांत माय डोक्यावरचा पदर नीट करून फक्त "व्हय, व्हय" करत होती, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. त्याखाली दुसऱ्या आज्जीची ओळ, तिच्या नातीने लिहून दिलेली, नातीच्या नावासकट. मग बोर्ड, फेरफार, दाखला. पुस्तक शेवटी.

सरांना ते दाखवलंय, बघतो म्हणालेत, मार्क एकदा वर पाठवले की बदलत नाहीत असंही म्हणालेत. सरांवर माझा राग नाही, साठ वह्या तपासायच्या आणि त्यातल्या पन्नास वह्यांत इंटरनेटवरून उचललेलं तेच "गावातील हवामान उष्ण व कोरडे असून प्रमुख पिके ज्वारी, बाजरी व कापूस" असेल तर माणूस कंटाळणारच. पण गंमत बघा की त्या पन्नास पोरांना संदर्भावरून कुणी टोकलं नाही, कारण त्यांच्याकडे वेबसाईटचं नाव होतं.

अडचण भलत्याच ठिकाणाहून आली. दादा दिवाळीला घरी होते, त्यांनी वही वाचली, झोळीच्या पानावर थांबले. दादा सरकारी नोकरीत आहेत, कुठल्या ते सांगत नाही, दाखल्यानुसार त्यांचं रिटायरमेंट ३१ मे २०२९. खरं तर मायच्या शिमग्याने मोजलं तर त्यांना अजून नऊ-दहा महिने मिळायला पाहिजेत. मला वाटलं खूश होतील. तर म्हणाले, "हे पान फाड. ऑफिसात कुणी बघितलं तर म्हणतील तारीख खोटी दिली."

मी म्हटलं दादा, नववीतल्या पोराची वही कोण बघतंय.

"तू मोठा इतिहासवाला," म्हणाले, "आणि मायला संदर्भ म्हणतोस ना? मग संदर्भ म्हटल्यावर बघणारच की कुणीतरी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराने पान फाडलं नाही, "माझे मोठे काका" एवढं खोडून "झोळीतलं एक मूल" असं केलं, आणि दाखल्याची ओळ संदर्भातून काढून टाकली.